बाटलीची पाठ

मालवण तालुक्यातल्या कातळावरच्या विहिरीचं पाणी उपसताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला पिवळसर, तांबूस गाळ बसलेला सापडतो. जांभ्याच्या दगडात लोह भरपूर असतं. जमिनीखाली हवा कमी असल्यामुळे ते पाण्यात विरघळलेलं राहतं आणि बाहेर हवा लागली की त्याचा गंज होतो. ही गंजाची रेघ सगळ्यात आधी दिसते ती संडासाच्या भांड्यात, फ्लशचं पाणी रात्रंदिवस झिरपतं त्या जागी. घरच्या माणसांची नजर तिला सरावलेली असते. पण मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ती रेघ म्हणजे घाण वाटते आणि तो तसं बोलूनही दाखवतो.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणं हा तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात नेहमीचा धंदा झाला. पाहुणे सकाळी दहाला निघतात, नवे एकच्या सुमारास येतात. मधल्या तीन तासांत चादरी, फरशी, संडास, न्हाणी, सगळं उरकायचं असतं. रसायनांचा सगळा गोंधळ होतो तो याच तीन तासांत.

तारकर्लीच्या वाटेवर अशाच एका घरात काकींनी मला आपलं कपाट उघडून दाखवलं. निळ्या रंगाचं जाड, चिकट टॉयलेट क्लीनर. पांढऱ्या बाटलीतलं ब्लीच. लिंबाचं चित्र असलेलं फरशीचं द्रव. काळं फिनेल. एका प्लास्टिक पिशवीत गाठ मारून ठेवलेली टीसीएल पावडर. आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत, कसलंही लेबल नसलेलं, दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेलं ‘अ‍ॅसिड’. “किती ब्लिचिंग ओतलंय तरी ह्यो डाग काय जाणा नाय, उलट तांबडो जाता,” त्या म्हणाल्या.

त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं आणि या लेखाचा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. ब्लीच आणि टीसीएल या दोन्हींतला कामाचा भाग म्हणजे क्लोरीन, आणि क्लोरीनचा स्वभाव ऑक्सिडीकरणाचा. हळदीचा, चहाचा, शेवाळाचा रंग तो मोडून टाकतो, कारण ते रंग सेंद्रिय असतात. लोहाच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. पाण्यात जे लोह अजून विरघळलेलं आहे, त्याचाही क्लोरीन झटपट गंज करतो आणि तो भांड्याला चिकटवतो. म्हणजे डागावर ब्लीच ओतणारा माणूस डागाला आणखी एक थर देत असतो.

गंजाला लागतं आम्ल. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘99.9 टक्के जंतू’ असं काहीतरी मोठ्या अक्षरांत असतं. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत, खरी गोष्ट असते: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास. हे आम्ल गंज विरघळवतं आणि देवबागसारख्या वाळूतल्या विहिरींच्या जड, खारवट पाण्याने जमलेला पांढरा क्षारही विरघळवतं. क्षारावर ते पडलं की बारीक फेस येतो. तो कर्बवायू असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. भांड्याच्या चिनीमातीवरचा चकचकीत लेप आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे तिथे ते निर्धास्त वापरता येतं. फक्त वीस मिनिटं त्याला काम करू द्यावं लागतं. ओतल्या ओतल्या ब्रश मारून फ्लश केलं तर पैसे गटारात जातात.

काकींच्या डागासाठी मी आणखी सौम्य वाट सुचवली, किराणा दुकानात सुटं मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड. ते लोहाला नुसतं विरघळवत नाही, धरूनही ठेवतं. भांड्यात साचलेलं पाणी ब्रशने ढकलून कमी करायचं, साधारण 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून डागावर सोडायचं. रेघ पाण्याच्या वर असेल तर टॉयलेट पेपरची पट्टी त्यात भिजवून डागावर चिकटवायची आणि रात्रभर ठेवायची. जुना डाग असेल तर दोनतीन रात्री लागतात. ज्या भांड्यावर त्याच दिवशी ब्लीच ओतलंय, त्यावर मात्र हेही करायचं नाही. सायट्रिक सौम्य असलं तरी आम्लच आहे.

आता त्या ‘मात्र’कडे वळतो.

ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सोडियम हायपोक्लोराइट. क्लोरीन हा मुळात वायू. त्याला अल्कलीत बांधून द्रव केलं की ब्लीच होतं, चुन्यात बांधून पूड केली की टीसीएल. कारखान्यात क्लोरीन कोंडायला जी अल्कली वापरली, ती आम्लाने मारली की क्लोरीन पुन्हा मोकळा होतो:

NaOCl + 2HCl → NaCl + H2O + Cl2

शेवटचं ते Cl2 म्हणजे 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने खंदकांवर सोडलेला तोच वायू. मुंबईत 14 जुलै 2010 रोजी शिवडीच्या हाजी बंदरात पडून राहिलेल्या जुन्या टाकीतून हाच गळला आणि आसपासच्या अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

न्हाणीत किती तयार होऊ शकतो, याचा हिशेब करून पाहू. टीसीएलच्या गोणीवर ‘उपलब्ध क्लोरीन’ टक्क्यांत लिहिलेला असतो, ताज्या मालात तीसच्या वर. या आकड्याचा अर्थ फार कमी लोकांना ठाऊक आहे: आम्ल पुरेसं मिळालं तर शंभर ग्रॅम पुडीतून किती ग्रॅम क्लोरीन वायू सुटेल, तेच ते माप. आता समजा कामाच्या बाईने भांड्यात एक मूठ टीसीएल टाकली, अंदाजे 50 ग्रॅम, आणि ‘दोन्ही घातलं की लवकर निघतं’ म्हणून त्यावर टॉयलेट क्लीनरची अर्धी बाटली रिकामी केली. अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं 250 मिलिलिटर आम्ल त्या मुठीतला चुनाही मारायला आणि क्लोरीनही मोकळा करायला जेमतेम पुरतं. वायू निघतो पंधरा ग्रॅमपर्यंत. चार फूट बाय पाच फूट, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे साडेचार घनमीटर हवा. सगळा वायू त्यात पसरला तर प्रमाण अकराशे पीपीएमच्या घरात जातं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अकराशे भाग. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी क्लोरीनची मर्यादा 1 पीपीएम आहे. 10 पीपीएम हवा जिवाला तत्काळ धोकादायक धरतात. प्रत्यक्षात सगळा वायू सुटत नाही, काही पाण्यात राहतो, काही दाराबाहेर जातो. पण दहावा हिस्सा जरी सुटला तरी शंभरावर पीपीएम होतात, आणि तेवढ्यात काही मिनिटं राहिलेल्या माणसाची फुप्फुसं जायबंदी होतात.

त्यात हा वायू हवेच्या अडीचपट जड. तो वर व्हेंटिलेटरकडे जात नाही, फरशीवर बसतो. उकिडवं बसून भांडं घासणाऱ्या बाईचं तोंड नेमकं तिथेच असतं. आणि किनाऱ्यावरच्या घरांत डासांमुळे व्हेंटिलेटरला जाळी मारून वर प्लास्टिक ठोकलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे.

कोणी मुद्दाम मिसळतच नाही, असं यावर ऐकू येतं. मुद्दाम मिसळणारे खरंच थोडे असतात. बहुतेक वेळा दोन रसायनं दोन वेगवेगळ्या हातांनी पडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टन गावी 7 नोव्हेंबर 2019 रोजी एका उपाहारगृहात असंच झालं. स्वयंपाकघराच्या फरशीवर आधी क्षार काढायचं आम्लयुक्त द्रव सांडलेलं होतं. थोड्या वेळाने दुसरा कर्मचारी नेहमीप्रमाणे फरशी धुवायला आला आणि त्याने क्लोरीनवालं द्रव ओतलं. फरशीवर हिरवट बुडबुडे आले, त्याचे डोळे चुरचुरले, तो बाहेर पळाला. व्यवस्थापकाने ते मिश्रण रबरी पुसणीने दाराबाहेर ढकलायचा प्रयत्न केला. तो त्याच दिवशी गेला. इतर तेरा जणांना उपचार घ्यावे लागले. दोघांपैकी कोणीही चुकीची बाटली उचलली नव्हती. आधी काय पडलंय, एवढंच दुसऱ्याला माहीत नव्हतं.

जपानमध्ये 1987 साली तोकुशिमा प्रांतात एक गृहिणी साफसफाई करताना याच मिश्रणाने दगावली. त्यानंतर तिथे क्लोरीनच्या आणि आम्लाच्या अशा दोन्ही बाटल्यांवर ‘मिसळू नका, धोका’ अशी सूचना मोठ्या ठळक अक्षरांत, बाटलीच्या दर्शनी भागावर आली. आपल्याकडे ही सूचना असते, पण पाठीवर, मुंगीच्या पायाएवढी.

काकींच्या घरी सकाळी एक बाई भांडी आणि संडास करते, दुसरी फरशी. बर्लिंग्टनचीच मांडणी. पहिलीने भांड्यात आम्ल मुरत ठेवलं, ती चादरी बदलायला गेली, आणि दुसरीने न्हाणीची फरशी ब्लीचने धुऊन उरलेली बादली भांड्यात रिती केली तर? यावर त्यांनी काढलेला तोडगा मला आवडला. आम्ल फक्त सोमवारी, पाहुणे नसताना. त्या दिवशी ब्लीच आणि टीसीएल कपाटाबाहेर येतच नाही. बाकीचे दिवस भांड्याला नुसता साबण आणि ब्रश. ‘आधी फ्लश करा, दहा मिनिटं थांबा, मग दुसरं’ हा नियम कागदावर ठीक आहे, पण घाईच्या सकाळी दहा मिनिटं कोणी मोजत नाही. वार पाळता येतो.

जंतूंचं काय, हा पुढचा प्रश्न. इथे माझं मत थोडं फटकळ आहे: घरातल्या फरशीला रोज जंतुनाशकाची गरज नाही. साबणाचं पाणी आणि कोरडं पुसणं पुरतं. क्लोरीन राखून ठेवावा तो खऱ्या कामासाठी. पाहुण्यांपैकी कोणाला उलट्या-जुलाब झाले, त्या न्हाणीसाठी. तिथे त्याला पर्याय नाही, कारण लिंबाच्या चित्रवाल्या फरशीच्या द्रवात असतं ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड. ते बऱ्याच जिवाणूंना मारतं, पण जुलाबाच्या नोरोसारख्या विषाणूंवर भरवशाचं नाही. नावात ‘क्लोराइड’ आहे म्हणून ते ब्लीचचं भावंड आहे असंही नाही. त्याच्याजवळ क्लोरीन वायू नाही. त्याची कमजोरी वेगळीच: साबण किंवा कपड्याची पावडर त्याच बादलीत पडली की दोघं एकमेकांना धरून बसतात आणि कोणीच काम करत नाही. विषारी काही होत नाही, फक्त फरशी चिकट होते आणि खर्च वाया जातो. फरशीच्या बादलीत ‘थोडी पावडर पण’ टाकायची सवय घरोघर आहे.

टीसीएलची मात्रा अशी. धुतलेल्या फरशीसाठी दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम क्लोरीन पुरतो, म्हणजे तीस टक्क्यांची ताजी पूड असेल तर साधारण 35 ग्रॅम. उलटी किंवा जुलाब सांडलेल्या जागी याच्या पाचपट. पूड पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं, फरशीवर दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. आधी घाण काढून धुणं मात्र आवश्यक. घाणीवर ओतलेला क्लोरीन घाणीतच संपतो, जंतूंपर्यंत पोचत नाही. आणि पूड ताजी हवी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकायची टीसीएल तपासायला पाठवतो, वीस टक्क्यांच्या खाली उतरलेली बाद धरतात. कोकणच्या पावसाळ्यात गाठ मारलेल्या पिशवीतली पूड दसऱ्यापर्यंत निव्वळ चुना होऊ शकते. वास येतोय म्हणजे शक्ती आहे, असं नसतं. क्लोरीनचा वास नाकाला फार थोड्याशानेही कळतो.

मासळी कापायच्या जागेचा वेगळा उल्लेख करायला हवा. बांगडे किंवा सौंदाळे साफ करून झाले, रक्त आणि खवले तिथेच असताना ब्लीच ओतलं की एक तिखट, नाकात जाणारा वास उठतो. तो स्वच्छतेचा वास नव्हे. मासळीतल्या आणि मूत्रातल्या नायट्रोजनशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, तो त्यांचा वास. डोळ्यांतून पाणी काढतात, दमेकऱ्याला त्रास देतात. संडासात बरेच दिवस न धुतलेल्या मुतारीवर ब्लीच टाकलं तरी हेच होतं. मासळीचा वास स्वतः अल्कलीच्या जातीचा, म्हणून मालवणी बायका हाताला कोकम चोळतात ते रसायनशास्त्राने अगदी चोख आहे. पण कोकमाच्या सालींनी ओटा चोळून लगेच त्यावर ब्लीच नको. आधी साबण, भरपूर पाणी, बस्स.

ओट्यावरून कडाप्प्याची आठवण झाली. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत ओटा कडाप्प्याचा आणि पडवी शहाबादीची. दोन्ही चुनखडीचे दगड. सोलकढीसाठी काढलेलं आगळ कडाप्प्यावर सांडून राहिलं की काळ्या दगडावर पांढुरका, निस्तेज ठसा उमटतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच तेवढा खाल्लेला असतो. आगळाने एवढं होतं तर टॉयलेट क्लीनरने काय होईल? तेच संगमरवराचं आणि मोझेकचं. मोझेकमध्ये संगमरवरी खडी असते आणि ती सिमेंटमध्ये बसवलेली, दोन्ही आम्लाला बळी पडतात. लाल कोबाही सिमेंटच आहे. आम्लाने त्याची घोटलेली झिलई उतरते, बारीक भोकं पडतात आणि पुढे तीच जास्त मळतात. व्हिट्रिफाइड टाइलला दहा टक्के आम्ल काही करत नाही, पण टाइलांच्या मधली सिमेंटची रेघ विरघळते. पाणी तिथून आत शिरतं आणि वर्षाने टाइल पोकळ वाजायला लागते. दगड कोणता ते माहीत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटं ठेवावा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर चमक गेलेली दिसली, तर त्या फरशीला आम्ल वर्ज्य. तिला बेन्झाल्कोनियमवालं द्रव किंवा नुसतं साबणाचं पाणी चालतं. नळाच्या क्रोमवर आणि स्टीलच्या सिंकवर आम्लही नको आणि वाळू दिलेलं ब्लीचही नको. समुद्राच्या वाऱ्याने त्यांना आधीच पुळ्या आलेल्या असतात.

काळं फिनेल मला आवडत नाही, हे सांगून टाकतो. डांबराच्या तेलातले फिनॉल हे त्यातलं औषध. जंतू मारतं, खरं आहे, पण मासळीच्या घरात मांजर असतंच. मांजराचं यकृत फिनॉल पचवू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटलेलं मांजर आजारी पडतं. गोठ्याला, गटाराला वापरावं. पांढरं फिनेल पाइन तेलाचं, ते वासाला बरं, पण वासापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

राहिली ती लेबल नसलेली बाटली. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 18 जुलै 2013 रोजी अ‍ॅसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र आणि कारण विचारायचं, अठराच्या खालच्या कोणाला द्यायचं नाही. दारावरच्या विक्रेत्याकडे यातलं काही नसतं. त्याच्या बाटलीत दहा टक्के आम्ल आहे की तीस, हायड्रोक्लोरिक आहे की सल्फ्युरिक, हे त्यालाही ठाऊक नसतं. सल्फ्युरिक असेल तर त्यात पाणी ओतल्याबरोबर ते उकळून अंगावर उडतं. शिवाय पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं द्रव पाहुण्यांच्या पोराने तोंडाला लावलं तर डॉक्टरला काय सांगणार? काकींना ती बाटली ओतून टाकायची होती. मी नको म्हटलं. त्यांची शोषटाकी विहिरीपासून वीस पावलांवर, खाली सगळी वाळू, आणि टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू एवढ्या आम्लाने मरतात. झाकण घट्ट लावून, वर ‘अ‍ॅसिड’ अशी चिठ्ठी चिकटवून ती मागच्या पडवीत उंच ठेवली आहे. सोमवारी थोडी थोडी, भरपूर पाण्यात सोडून, भांड्याला वापरून संपवायची आणि पुन्हा घ्यायची नाही, असं ठरलं. टीसीएलची पिशवी तिच्यापासून दूर, पुढच्या खोलीत, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गेली. आम्लाची वाफ बंद कपाटातही टीसीएलपर्यंत पोचते, आणि पत्र्याचा डबा तर दोघांनीही खाल्ला असता.

कधी तो वास आलाच, पोहण्याच्या तलावासारखा पण घसा आवळणारा, तर हातातलं टाकून बाहेर यायचं. दार उघडं ठेवायचं, श्वास रोखून परत आत जाऊन मिश्रणावर पाणी, सोडा किंवा आणखी काही ओतत बसायचं नाही. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. कपड्यांवर उडालं असेल तर कपडे काढायचे. खोकला थांबला म्हणून घरी निजायचं नाही, कारण फुप्फुसांत पाणी भरायला काही वेळा कित्येक तास लागतात आणि तोवर माणूस ठीक दिसतो. दम लागत असेल तर 108 ला फोन, आणि डॉक्टरकडे जाताना दोन्ही बाटल्या पिशवीत घालून सोबत.